धबधब्याच्या फोटोखालचे दोन शब्द

राज्याचे दोन तुकडे झाले त्या दिवसांत हैदराबादेत कुणी साधा प्रश्न विचारला तरी माणूस आधी मनात म्हणायचा, हा हे का विचारतोय? "तुम्ही कुठल्या?" असं पूर्वी बसमध्ये शेजारची बाई गप्पा सुरू करायला विचारायची. आता तेच विचारलं की माझा धाकटा भाऊ उत्तर द्यायच्या आधी थोडा थांबायचा. तो सरकारी नोकरीत. कुणाला कुठल्या राज्यात टाकायचं याच्या याद्या चालू होत्या, आणि त्यासाठी शाळेचे दाखले मागवत होते. आमचे वडील नांदेडकडून नोकरीसाठी इथे आले आणि अंबरपेठेत राहिले. आम्ही दोघं इथेच जन्मलो, इथेच शिकलो. तरी दाखला पुढे केला की आडनाव वाचून कारकून मान वर करायचा, "मराठी? मग तुम्ही नक्की कुठले?"

मी तेव्हा एका ज्युनिअर कॉलेजात फ्रेंच शिकवत होते. आमच्याकडे बारावीला मुलं फ्रेंच घेतात ती मार्क मिळतात म्हणून, भाषेच्या प्रेमानं नाही. त्यामुळे भाषेचं खरं काम मला बाहेरून मिळायचं: औषधांची माहितीपत्रकं, लग्नाचे दाखले, कधी एखाद्या हॉटेलचं मेनूकार्ड. हे काम देणारे एक गृहस्थ आबिड्सला होते. पोस्टाच्या मागच्या गल्लीत, जिना चढून वर, त्यांची जाहिरात आणि छपाईची एजन्सी. घर चिक्कडपल्लीत. तीन पिढ्या सरकारी नोकरी आणि वकिली. मराठी जुनं, दाणेदार, त्यात मधूनच दख्खनी. मला ते "बाई" म्हणायचे आणि मी त्यांना "साहेब".

एका दुपारी त्यांनी माझ्यापुढे आठ घड्यांचं एक रंगीत पत्रक ठेवलं. थंड हवेच्या ठिकाणाचं. डोंगर फाळणीत पलीकडच्या राज्यात गेला होता, पण त्याचं काम बघणारं कार्यालय अजून इथेच, हैदराबादेतच होतं.

"हे फ्रेंचमध्ये पाहिजे," साहेब म्हणाले. "एक फ्रेंच प्रवासी कंपनी सुट्टीत कुटुंबं पाठवणार आहे. लेकुरवाळी माणसं. आणि ऐका, जरा उतरवून लिहा."

"उतरवून म्हणजे?"

"इंग्रजीत फार चढवलंय. त्या कंपनीनं सांगितलंय म्हणे, आमची माणसं छापलेलं अक्षर न् अक्षर खरं धरतात. तिथे पत्रकात लिहिलं म्हणजे करारच. नाही मिळालं तर परत येऊन भांडतात. त्या कार्यालयातल्या अधिकाऱ्यांनी मला फोनवर सांगितलं, भडकपणा कमी करा."

"मग तसं दोन ओळी लिहून द्याल का? नाहीतर उद्या म्हणतील, बाईंनी मनानं बदललं."

त्यांचा चेहरा पडला. "इतक्या वर्षांत माझ्यावर भरवसा नाही का बाई? कायकू परेशान होता? मी आहे ना."

मी पत्रक पिशवीत घातलं. पण त्यांनी लिहून दिलं नाही, हे मनात राहिलं. आणखी एक गोष्ट ते सहज बोलून गेले आणि तीही राहिली. "तुम्हाला का दिलं सांगू? इकडच्याला दिलं तर तिकडचे म्हणतात मुद्दाम बिघडवलं. तिकडच्याला दिलं तर इकडचे ओरडतात. मराठी माणूस बरा, ना इकडचा ना तिकडचा." हे कौतुक आहे की काय, ते मला जिना उतरेपर्यंत ठरवता आलं नाही.

घरी बसून पत्रक वाचलं. दक्षिणेचं स्वित्झर्लंड, असं पहिल्याच पानावर. ज्यांच्या देशाला स्वित्झर्लंडची सीमा लागते, त्यांना हे वाचून हसू येणार. ते मी काढलं आणि "कॉफीच्या मळ्यांनी वेढलेली, थंड सकाळींची दरी" असं लिहिलं. "निष्पाप आदिवासी तुमच्या स्वागतासाठी नाचतील", तिथे "आठवडी बाजारात आसपासच्या गावांतले लोक भेटतात" असं केलं. "स्वर्गीय", "अद्वितीय", "मंत्रमुग्ध करणारा" अशी विशेषणं एकेका वाक्यात तीन-तीन होती. फ्रेंच मजकूर तसाही इंग्रजीपेक्षा लांब होतो, जागा तेवढीच असते, म्हणून ती गाळताना मला वाईट वाटलं नाही.

पण विशेषण वेगळं आणि विधान वेगळं. विशेषण उतरवायला शब्दांची जाण पुरते. विधान उतरवायचं तर खरं काय ते माहीत पाहिजे. "विमानतळापासून हाकेच्या अंतरावर." नकाशा पाहिला तर चार तासांचा घाटरस्ता. "डास नाहीत, मलेरिया नाही." त्या डोंगरात? "चोवीस तास डॉक्टर." आणि शेवटच्या पानावर धबधब्याचा मोठा फोटो, खाली लिहिलेलं, "मुलांसाठी देखरेखीखाली सुरक्षित स्नान."

त्या एका ओळीपाशी मी अडकले. फ्रेंचमध्ये त्याला ठरलेला शब्दप्रयोग आहे, "बेन्याद स्युर्वेये". तिकडे समुद्रकाठी ही पाटी असते तेव्हा तिथे निशाण लावलेलं असतं, उंच खुर्चीवर बुडणाऱ्याला वाचवणारा माणूस बसलेला असतो, त्याच्या वेळा लिहिलेल्या असतात. हे शब्द वाचले की तिथली आई मुलाला पाण्यात सोडून सावलीत पुस्तक उघडून बसेल.

पत्रकाच्या मागे तिथल्या विश्रामगृहाचा नंबर होता. मी फोन लावला.

"एवरु?" पलीकडून आवाज आला. कोण बोलतंय?

मी तेलुगूतच सांगितलं की परदेशी पाहुण्यांसाठी माहिती लिहिते आहे. तो तिथला चौकीदार निघाला. डॉक्टर खाली गावात, आठवड्यातून दोनदा येतो. डास आहेत अम्मा, मच्छरदाणी देतो आम्ही. मग मी धबधब्याचं विचारलं. पाण्यापाशी लक्ष ठेवायला कोण असतं?

"पाण्यापाशी? कुणी नसतं अम्मा. मीच कधी ओरडतो वरून. खालचं कुंड फार खोल आहे, वरून कळत नाही. मागच्या पावसाळ्यात कॉलेजची दोन पोरं गेली. पाटी होती, ती पण वाहून गेली."

मी लिहून घेत होते. माझं लिहिणं त्याला ऐकू आलं की काय कोण जाणे, त्याचा आवाज एकदम बदलला. "तुम्ही कुठल्या ऑफिसातून बोलता? या राज्याच्या की त्या?"

"कुठल्याच नाही," मी म्हटलं.

"माझं नाव कुठे येऊ देऊ नका अम्मा. मी रोजंदारीवर आहे."

मी शब्द दिला. त्याचं नाव मला माहीतही नव्हतं.

मग लिहिलं: धबधबा कड्यावरच्या गॅलरीतून पाहावा, पाण्यात उतरू नये, कुंड खोल आहे. विमानतळापासून घाटातून चार तास धरावेत. मच्छरदाण्या मिळतात, निघण्यापूर्वी मलेरियाबद्दल आपल्या डॉक्टरांना विचारावं. डॉक्टर आठवड्यातून दोन दिवस. सोबत एक तक्ताही जोडला. डाव्या बाजूला मूळ ओळ, मध्ये माझी ओळ, उजव्या बाजूला बदलाचं कारण. साहेबांनी तो चाळला, "झकास" म्हणाले आणि ड्रॉवरमध्ये ठेवला.

आठ-दहा दिवस काहीच नाही. मग त्यांचा फोन आला. आवाज नेहमीसारखा गोड, पण प्रश्न भलताच.

"बाई, तुमचे बंधू कुठल्या खात्यात आहेत हो?"

"का?"

"काही नाही, सहज. परवा त्या कार्यालयात जायचंय आपल्याला. तुम्ही या."

मी फोन ठेवला तेव्हा भाऊ समोरच चहा घेत होता. त्याला सांगितलं. त्यानं कप खाली ठेवला.

"ताई, तू माझं नाव कुठे घेतलंस का?"

"मी कशाला घेऊ?"

"मग त्यांना कळलं कसं की तुला भाऊ आहे?"

"वीस वर्षं ओळखतात ते आपल्याला. बाबा गेले तेव्हा आले होते घरी."

"यादी लागायची आहे अजून," तो म्हणाला. "पलीकडच्यांनी एक तक्रार केली, की हा आमच्या कागदांत नाक खुपसतो, तर मी कुठे जाऊन पडेन ते तुला माहीत नाही. तू मला काही विचारलं नव्हतंस ना त्या डोंगराबद्दल? ऑफिसच्या फोनवरून वगैरे?"

माझ्या सख्ख्या भावानं मला उलटतपासणी केल्यासारखं विचारलं. मी नाही म्हटलं. त्यानं मान हलवली, पण त्याला पटलं आहे असं काही मला दिसलं नाही.

त्या कार्यालयात कपाटांवर खडूनं खुणा केल्या होत्या, कुठलं कपाट कुठल्या राज्यात जाणार त्याच्या. एकाच खोलीत दोन टेबलं पाठीला पाठ लावून मांडलेली. आत अधिकारी बसले होते. ते नवीन होते. साहेबांना फोन करणारे आधीचे अधिकारी दुसऱ्या बाजूला गेले होते, हे मला तिथे पोहोचल्यावर कळलं. साहेब माझ्या आधीच येऊन बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

अधिकाऱ्यांपुढे माझा फ्रेंच मजकूर होता आणि शेजारी एक छापील कागद. कुणीतरी माझं फ्रेंच कॉम्प्युटरमध्ये घालून त्याचं परत इंग्रजी करून आणलं होतं. तेव्हाची ती मशीनची भाषांतरं.

"मॅडम," ते म्हणाले, "हे काय आहे? 'धबधबा गॅलरीतून स्वतःकडे बघतो.' असं लिहून आमची चेष्टा करताय?"

"सर, फ्रेंचमध्ये क्रियापद तसं चालतं. अर्थ आहे, धबधबा गॅलरीतून पाहायचा असतो. मशीनला ते कळलं नाही."

"आणि स्वित्झर्लंड कुठे गेलं?"

"त्यांच्या शेजारीच आहे सर ते. तुलना केली तर आपलीच फजिती होईल."

त्यावर कोपऱ्यातला कारकून हसला आणि लगेच त्यानं फाइलीत तोंड घातलं. अधिकारी हसले नाहीत.

"डॉक्टर काढले. सुरक्षित स्नान काढलं. मलेरिया घातला. मूळ पत्रकात 'मलेरिया नाही' असं स्पष्ट असताना! डोंगर तुमच्याकडून आमच्याकडे आला म्हणून हे सगळं? कुणी सांगितलं तुम्हाला हे करायला?"

मी साहेबांकडे पाहिलं. आता ते बोलतील असं मला वाटलं. दोन वाक्यांचं तर काम होतं: त्या कंपनीचं म्हणणं आलं होतं, मीच बाईंना उतरवायला सांगितलं. साहेबांनी चष्मा काढला, रुमालानं पुसला, परत घातला.

"मजकूर सौम्य करायचा असं ठरलं होतं," मीच म्हटलं. "प्रत्येक बदलाचं कारण तक्त्यात लिहून दिलं आहे."

"तक्ता? कुठला तक्ता?"

साहेब म्हणाले, "ऑफिसात असेल."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. यांनी तक्ता दिलाच नव्हता. विसरले, की ठेवूनच घेतला? माझ्या मनात नको नको ते आलं. हे काम दुसऱ्या कुणाला द्यायचं असेल. मला वाईट ठरवून स्वतः मोकळं व्हायचं असेल. आमच्यासारख्यांचं नाव पुढे करणं सोपं असतं, हेही मनात आल्याशिवाय राहिलं नाही.

"डॉक्टर दोनच दिवस येतात, हे तुम्हाला कुणी सांगितलं?" अधिकाऱ्यांनी विचारलं. "ही आतली माहिती आहे. तुमचे भाऊ सरकारी नोकरीत आहेत ना?"

"भावाचा काही संबंध नाही."

"मग कुणाचा आहे?"

मी उत्तर दिलं नाही. शब्द दिला होता. आणि जितका वेळ मी गप्प होते, तितकी भावाच्या मानेभोवतीची दोरी आवळत होती, हेही मला कळत होतं.

अधिकाऱ्यांनी टेबलावरचा फोन ओढला, विश्रामगृहाचा नंबर फिरवला आणि स्पीकर लावला. पलीकडून तोच आवाज.

"धबधब्यावर पाण्यापाशी माणूस असतो का?" अधिकाऱ्यांनी पद सांगून विचारलं.

"उन्नाडु सार," तो लगेच म्हणाला. आहे सर. "चोवीस तास आहे."

"डॉक्टर?"

"उन्नाडु सार."

फोन ठेवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खोटी ठरले होते. आणि मला त्या चौकीदाराचा राग आला नाही. त्या आवाजापुढे दुसरं काय म्हणणार होता तो?

मी म्हटलं, "ठीक आहे सर. तुमची ओळ मी आहे तशी घालते. फक्त एक सांगते. फ्रेंचमध्ये त्या दोन शब्दांचा अर्थ होतो, सरकारनं तिथे वाचवणारा माणूस नेमला आहे. एखाद्या मुलाचं काही झालं तर ते लोक पत्रक घेऊन येतील आणि विचारतील, तो माणूस कुठे होता? म्हणून 'ही ओळ ठेवावी' एवढं तुम्ही या मजकुरावर लिहून सही करा. मी आत्ता इथे बसून बदलते."

अधिकाऱ्यांनी ती ओळ पुन्हा वाचली. मग कारकुनाला तेलुगूत विचारलं, "ही फाइल शेवटी कुठे जाते?"

"ते अजून ठरलं नाही सार."

"म्हणजे माझी सही कुणाच्या हातात पडेल ते माहीत नाही."

"नाही सार."

त्यांनी लाल पेन घेतलं आणि स्नानाची ओळ खोडली. मग माझी, "पाण्यात उतरू नये"वालीही खोडली. "स्नानाचं काहीच नको. ना चांगलं ना वाईट. डॉक्टरांचंही काढा. मलेरियाचंही काढा. मच्छरदाणी राहू द्या. चार तास राहू द्या, ते नकाशावर आहेच."

"सर, निदान धोक्याची सूचना..."

"नको म्हटलं ना मॅडम. सूचना लिहिली की धोका आहे हे आम्ही कबूल केलं."

"मग फोटो?"

"फोटो सुंदर आहे. फोटो राहील."

बाहेर आल्यावर साहेब जिन्यात थांबले. "चला, निभावलं," असं काहीतरी म्हणाले. मी रिक्षा केली.

आठवड्यानं अंतिम प्रूफ माझ्याकडे आलं. अक्षरांवरच्या मात्रा छपाईत उडतात, म्हणून ते नेहमी मलाच पाहावं लागे. सगळं ठरल्याप्रमाणे होतं. शेवटच्या पानावर तो फोटो: हिरवं पाणी, वरून पडणारी पांढरी धार. पाणी गुडघाभर असावं असं वाटत होतं. फोटोखाली ओळ रिकामी होती आणि कडेला पेन्सिलनं साहेबांच्या अक्षरात लिहिलं होतं: "इथे काहीतरी छोटं."

मी फ्रेंचमध्ये लिहिलं, "गॅलरीतून दिसणारा धबधबा." मग पेन खाली ठेवलं. उठले, डाळ चढवली, परत आले. आणि पुढे दोन शब्द जोडले: "बेन्याद दांजरोझ." पोहणं धोक्याचं.

त्या लोकांचा माझ्यावर जो संशय होता, की बाई आमच्या मजकुरात परस्पर काहीतरी घुसवते, तो तोपर्यंत खोटा होता. आता तो मी खरा केला. मी आयुष्यभर मुलांना शिकवत आले की भाषांतर करणाऱ्यानं स्वतःच्या पदरचं घालायचं नाही. प्रूफ पाकिटात घालताना मला चोरी केल्यासारखंच वाटत होतं. भावाला मी काही सांगितलं नाही.

दोन दिवसांनी साहेबांचा फोन.

"बाई, फोटोखाली जे लिहिलंय, त्यात पूर्णविरामानंतर दोन शब्द आहेत."

"हो."

"काय आहे ते?"

"धबधब्याबद्दल आहे."

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, "बसतात जागेत. देतो छपाईला."

पत्रक छापून झालं, गेलं. यादी लागली, भाऊ हैदराबादेतच राहिला. माझ्यावरची त्याची नाराजी मात्र यादीनंतरही बरेच दिवस टिकली. ऑफिसचा फोन आला की तो खोलीबाहेर जाऊन बोलायचा.

त्या चौकीदाराबद्दल मला राहून राहून वाटत होतं. शेवटी एका दुपारी फोन लावला. दुसराच आवाज होता. "तो आता इथे नाही. सगळीकडे बदलाबदल चाललीय ना मॅडम." विभागणीत गेला, की मी त्या खोलीत गप्प बसूनही कुणाला काही कळलं होतं, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. आजही मला माहीत नाही.

साहेबांकडे मी वर्षभर गेले नाही. मग चिक्कडपल्लीच्या भाजीबाजारात एका सकाळी समोरासमोर आलो. त्यांच्या हातात कोथिंबिरीची जुडी होती. चालायला आता काठी लागत होती.

"बाई, रागावलात ना?"

मी म्हटलं, "तुम्ही तक्ता का दिला नाहीत?"

"भ्यालो," ते म्हणाले. "आधीच्या अधिकाऱ्यांचं नाव घेतलं असतं तर नव्यांनी बिलच अडवलं असतं, आणि नंतर कामही गेलं असतं. तुम्ही सांभाळून घ्याल असं वाटलं."

ते भाजीवाल्याला सुटे देत म्हणाले, "तुमचं फ्रेंच मी नेहमी तपासून घेत आलोय. आमच्या गल्लीत एक निवृत्त मास्तर आहेत. पहिल्या कामापासून, प्रत्येक कागद. आदत है मेरी."

"म्हणजे ते दोन शब्दही?"

"हौ. तेही. आधी त्यांना दाखवले, मग तुम्हाला फोन केला."

मला त्यांचा राग यायला हवा होता. इतकी वर्षं माझ्यामागे दुसरा माणूस बसवला म्हणून यायला हवा होता, आणि आला. पण शब्दांचा अर्थ माहीत असून त्यांनी मला विचारलं होतं, मी टाळलं तेव्हा पुढे विचारलं नव्हतं, आणि पत्रक छापलं होतं. त्या खोलीत त्यांना जे जमलं नाही, ते त्यांनी फोनवर केलं होतं. दोन्ही गोष्टी त्याच माणसाच्या. मी पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि त्यांना रस्ता ओलांडून दिला, कारण त्या चौकात बस भरधाव येतात.